शब्दचर्चा: ‘पुण्य वैरिले’ मधलं वैरणे म्हणजे नक्की काय?

सिंहगडरोडची नात:
आजीला (वय ८१, मूळ मुळशीकडची, आता आमच्याकडे) परवा मोबाईलवर चॅटबॉट दाखवला तर म्हणाली, एवढं सगळं येतं ना त्याला, मग जात्यावरचं विचार. मी जनाबाईंच्या नावावर गातात ते ‘सुंदर माझे जाते गे’ विचारलं. कुणाचं, विठ्ठलाला का बोलावते, सगळं झकास सांगितलं, आजी मान डोलावत होती. मग ती म्हणाली ‘सत्त्वाचे आधण ठेविले, पुण्य वैरिले, पाप ते उतू गेले’ याचा अर्थ विचार. उत्तर आलं की पुण्याने पापाशी वैर धरलं म्हणून पाप निघून गेलं. आजी इतकी हसली की ठसका लागला. "अगं मेल्याने कधी भात नाही टाकला वाटतं!"

मग तिनेच सांगितलं, गाण्याचं नाव काढू नकोस, नुसतं विचार की आधणात तांदूळ वैरले म्हणजे काय. तर बरोब्बर आलं, उकळत्या पाण्यात तांदूळ घातले. म्हणजे शब्द माहितीये पण शेजारी पाप-पुण्य दिसलं की घसरतो! खरं सांगायचं तर मलाही तोपर्यंत वैरच वाटत होतं, आजीला बोलले नाही. तर हा शब्द तुमच्याकडे वापरतात का आणि कुठे कुठे?

शनिवारवाला:
वैरणे म्हणजे ओतणे, सोप्पंय. आमच्या घरी म्हणायचे.

जुनापुराणा:
ओतणे नाही हो. दूध वैरलं, तेल वैरलं असं ऐकलंय का कधी? धान्य किंवा पीठ लागतं, आणि ते ज्यात जातं ते तयार असावं लागतं, उकळी आलेलं पाणी नाहीतर फिरतं जातं. दळताना एक हात खुंट्याला असतो, दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे, ते वैरणं. घाई करून जास्त टाकलं की भरड पडते, कमी टाकलं की दगडावर दगड घासून पिठात कच येते. म्हणून नव्या सुनेला आधी वैरायला बसवत नसत, निदान आमच्या आईला तरी नव्हतं बसवलं.

आणि त्या ओळीत तर अख्खा स्वयंपाक आहे. आधीच्या कडव्यात दळण झालं, पीठ भरलं, आता आधण ठेवलंय. तांदूळ पडले की फेस वर येतो आणि भांड्याबाहेर जातो, तो फेस म्हणजे पाप. वैर धरलं म्हटलं की आधण आणि उतू जाणं दोन्ही लटकतात, तिथेच कळायला हवं होतं की अर्थ चुकला. काही जणी ‘उतू आले’ म्हणतात, चालतं.

पिठलंप्रेमी:
माझ्या पिठल्यात दरवेळी गुठळ्या होतात, ते वैरण्यामुळे का? पाणी चांगलं उकळतं तरी.

शनिवारवाला:
बरं, ओतणे मागे घेतो. पण मग गुरांची वैरण? तोच शब्द ना, म्हणजे खायला घालणं?

जुनापुराणा:
जात्यात घालायच्या मुठीलाही वैरण म्हणतात, म्हणून मोह होतो खरा. पण दोन्ही एकाच मुळातून आलेत असं मी छातीठोक सांगणार नाही.

कोथरूडची मावशी:
आमच्याकडे जात्याला घास घाल म्हणायचे, वैरणे फक्त भाताला. त्यामुळे मला शनिवारवाल्यांचं पटतं थोडं. बाकी त्या यंत्राला दोष काय द्यायचा, माझ्या सुनेला विचारा, तीही वैरच म्हणेल. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्यात, लाखाच्या वर आहेत म्हणे, त्यात शोधा की.

सिंहगडरोडची नात:
शोधते मावशी. पण पुढची गंमत राहिली. आजीने दुसऱ्या दिवशी स्वतःच एक जुळवली,

सांगून धाडते गं, स्वारगेटच्या एस्टीला
नात माझी उशीर, करी रोजच्या गोष्टीला

आणि म्हणाली, ही कुठली विचार. तर म्हणे मावळातली पारंपरिक ओवी, माहेरवाशिणीची वाट पाहणाऱ्या आईची! त्यात आई नाही, माहेर नाही, आणि एस्टी चक्क समोर आहे. मी नवीन चॅट उघडून तेच परत विचारलं तर पंढरीच्या वारीतली झाली. आजीचं म्हणणं, खऱ्या ओवीचा अर्थ दोनदा विचारला तर एवढं गाव बदलत नाही, आता ती रोज एक खरी आणि एक घरची अशी मिसळून विचारते. हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर, फुल्या जास्त आहेत.

@पिठलंप्रेमी, आजी विचारतेय गॅस बारीक करता का पीठ टाकताना? एका हाताने चिमटी चिमटी वैरायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळणं थांबवायचं नाही, जात्यासारखंच. वाटी उपडी केली की गुठळ्या होणारच म्हणे.

पिठलंप्रेमी:
वाटीच उपडी करतो मी 😐