हिरवा शेंबूड आणि अँटिबायोटिक

"शेंबूड हिरवा-पिवळा झाला की मग तरी अँटिबायोटिक लागतंच ना?"

नाही लागत, आणि आमच्या गावातल्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी नेमकं हेच समजावलं होतं. एक बाई पदराच्या गाठीतून अमॉक्सिसिलिनची अर्धी उरलेली स्ट्रिप काढून म्हणाल्या, पोराचा शेंबूड कालपासून हिरवा झालाय, हीच देऊ का? डॉक्टरांनी विचारलं सर्दीचा कितवा दिवस, तर चौथा, ताप उतरलेला, पोरगं खेळतंय. मग ते म्हणाले की तो हिरवा रंग जंतूंचा नाही, आपल्याच पांढऱ्या पेशींचा आहे, त्या विषाणूशी लढायला नाकात जमतात आणि त्यांच्यात लोह असलेलं एक हिरवट एन्झाइम असतं, त्याचा तो रंग. साध्या सर्दीतही तीन-चार दिवसांनी असं होतंच. आणि ही गोळी बॅक्टेरियाच्या पेशीची भिंत बांधू देत नाही म्हणून तो मरतो, सर्दीच्या विषाणूला मुळात अशी भिंतच नसते, मग गोळी धरणार कशाला?

मला पटलं ते पुढचं. सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हाच माणूस गोळी सुरू करतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ती आपणहून उतरते, श्रेय मात्र गोळीला. खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. रंग नका बघू, दिवस बघा असं ते म्हणाले: दहा दिवसांत काहीच उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर दाखवा, आणि धाप लागली तर लगेच.