मदत हवी आहे: इन्सेंटिव्ह धरून पात्रता काढलेली कर्जफाईल, शेरा काय लिहू?

फाईलवाली

मी कर्जफाईलींच्या अंतर्गत ऑडिटमध्ये नवी आहे, आधी काऊंटरला होते. एका फाईलीवर तीन दिवस अडकले आहे.

पगारदार अर्जदार, वैयक्तिक कर्ज, वाटप झालेलं आहे. चेकलिस्टवर सगळीकडे बरोबरच्या खुणा: अर्ज, ओळखपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, क्रेडिट रिपोर्ट. खरोखरच एकही कागद कमी नाही. घोळ हिशेबात आहे.

इन्सेंटिव्ह नसलेल्या महिन्यात अर्जदाराच्या हातात 52,000 येतात. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरचा इन्सेंटिव्ह 18,000, 21,000 आणि 15,000. क्रेडिट ऑफिसरने त्याची सरासरी 18,000 काढून उत्पन्न 70,000 धरलं. जुना हप्ता 9,000 आणि नवा 25,600, म्हणजे एकूण 34,600. प्रमाण 49.4 टक्के आलं. आमच्या पॉलिसीची मर्यादा 50 टक्के, त्यामुळे फाईल पास.

पण त्याच पॉलिसीत लिहिलंय की बदलतं उत्पन्न बारा महिन्यांच्या सरासरीनेच धरायचं. डिसेंबरच्या स्लिपवर वायटीडीच्या रकान्यात इन्सेंटिव्ह 96,000 दिसतो. भागिले बारा म्हणजे 8,000. मग उत्पन्न 60,000 आणि प्रमाण 57.7 टक्के. ऑफिसरचं म्हणणं, चेकलिस्ट तीनच स्लिपा मागते, मी बारा महिन्यांचं कुठून आणू? मला त्यांचं थोडं पटतंही. हा पॉलिसीचा भंग लिहू, की चेकलिस्टमधली त्रुटी?

हिशोबी

सरळ पॉलिसीचा भंग. चेकलिस्ट ही पॉलिसीच्या वर नसते. तुमचा आकडा बरोबर आहे, 57.7 टक्के लिहा आणि मोकळ्या व्हा.

वाट_पाहतोय

माझंही हेच झालं! दोन वर्षं इन्सेंटिव्ह मिळतोय, तरी कर्ज देणाऱ्यांनी तो धरलाच नाही आणि अर्ज नाकारला. इन्सेंटिव्ह धरायला लावायचा तर अर्ज कुणाकडे करायचा?

फाईलवाली

@वाट_पाहतोय माझा प्रश्न वेगळा आहे हो, इथे इन्सेंटिव्ह जास्त धरलाय. तरी तुमच्याकडे वर्षभराच्या स्लिपा असतील, तर त्या जोडून फेरविचार मागून बघा. न धरण्याचं कारण लेखी मागा.

जुनी_खातेवही

हिशोबी, एवढी घाई नको. आकडा बरोबर नाही.

ताई, वायटीडी म्हणजे बारा महिने असं गृहीत धरू नका. कंपनीचं पगारवर्ष कधी सुरू होतं ते आधी बघा. त्याच स्लिपवर बेसिकचा महिन्याचा आकडा आणि वायटीडी आकडा असेल. एकाला दुसऱ्याने भागा, किती महिन्यांची बेरीज आहे ते कळेल. मध्ये पगारवाढ झाली असेल तर भागाकार पूर्णांकात येणार नाही, तेवढी खूण लक्षात ठेवा.

आणि दुसरं. 52,000 हातात येणारे आहेत म्हणता. 18,000 स्लिपच्या कुठल्या बाजूने घेतलेत? स्टेटमेंटमध्ये या तीन महिन्यांत पगार किती जमा झालाय?

फाईलवाली

बेसिक 40,000, वायटीडी बेसिक 3,60,000. म्हणजे नऊ महिने! एप्रिलपासूनचं वर्ष. माझे 8,000 चुकले.

इन्सेंटिव्ह कमाईच्या बाजूला आहे, कपातीच्या आधीचा. स्टेटमेंटमध्ये जमा: ऑक्टोबर 66,400, नोव्हेंबर 68,800, डिसेंबर 64,000.

जुनी_खातेवही

आता तुमच्या ऑफिसरचे 70,000 त्या तीन आकड्यांशेजारी ठेवा. तिन्ही महिन्यांत एकदाही 70,000 जमा झालेले नाहीत. त्या उत्पन्नाचा पुरावा फाईलमध्ये कुठेच नाही.

ऑक्टोबरमध्ये 52,000 च्या वर 14,400 आले, म्हणजे 18,000 पैकी 3,600 कापले गेले. नोव्हेंबर-डिसेंबरलाही तोच पाचवा हिस्सा जातोय. ऑफिसरने हातात येणाऱ्या पगारात कपातीआधीचा इन्सेंटिव्ह मिसळलाय. त्यांच्याच तीन महिन्यांच्या पद्धतीने जमा रकमांची सरासरी 66,400 येते, आणि 34,600 भागिले 66,400 म्हणजे 52.1 टक्के.

म्हणजे बारा महिन्यांचा वाद बाजूला ठेवला तरी फाईल मर्यादेबाहेर आहे. पहिला शेरा हाच लिहा. यावर कुणी चेकलिस्टची ढाल पुढे करू शकत नाही.

बारा महिन्यांचा मुद्दा दुसऱ्या परिच्छेदात ठेवा. नऊ महिन्यांचे 96,000 म्हणजे महिना साधारण 10,667, पाचवा हिस्सा वजा केला की 8,500 च्या आसपास, आणि प्रमाण 57 टक्क्यांच्या जवळ. पण हा अंदाज आहे हे स्पष्ट लिहा. आधीच्या तीन महिन्यांचा कागद आल्याशिवाय पॉलिसीप्रमाणे प्रमाण अमुक आहे, असं ठामपणे लिहू नका. कागद शाखेकडून मागवा.

हिशोबी

मान्य, ढोबळ आणि निव्वळ मी पाहिलंच नाही. पण मग शाखेने आता डेव्हिएशनची मंजुरी घेतली तर शेरा निघेल ना?

जुनी_खातेवही

मंजुरी घेऊ देत, तिच्यावर आजची तारीख हवी. वाटपाच्या दिवशी ती नव्हती, त्यामुळे शेरा राहतोच, फक्त पूर्ततेच्या रकान्यात नोंद होते. मंजुरीपत्रावर वाटपाआधीची तारीख दिसली, तर तो वेगळा आणि बराच गंभीर शेरा होईल. ताई, फाईलमध्ये आज काय काय आहे त्याची पानवार यादी करून ठेवा. माझ्याकडे एकदा असा कागद ऑडिट चालू असताना फाईलमध्ये उगवला होता.

एक्सेलपटू

सरासरी हाताने काढलीय की शीटमध्ये? शीट असेल तर सूत्र उघडून बघा.

फाईलवाली

शीट आहे. उत्पन्नाच्या चौकटीत हे आहे:

```
=B6+AVERAGE(D6:F6)
```

B6 चं शीर्षक "हातात येणारा पगार" आणि D ते F चं "इन्सेंटिव्ह, स्लिपप्रमाणे".

एक्सेलपटू

मग ही चूक त्या ऑफिसरची नाही, शीटची आहे. इन्सेंटिव्ह असलेली प्रत्येक फाईल याच सूत्रातून गेली असणार.

जुनी_खातेवही

अर्धं बरोबर. शीटने जोडलं, पण स्टेटमेंट समोर असताना जमा रकमेशी ताळा ऑफिसरनेच करायचा होता. मी दोन्ही लिहीन. नमुन्याबाहेरच्या इन्सेंटिव्हवाल्या फाईली मात्र आता काढाव्याच लागतील. ज्यांचं प्रमाण 45 ते 50 च्या मधे आलंय त्या आधी घ्या, मर्यादा ओलांडणाऱ्या बहुतेक तिथेच सापडतील. इन्सेंटिव्ह फार मोठा असेल तर मात्र खालच्या फाईलीही बघाव्या लागतील.

फाईलवाली

आज अशा अकरा काढल्या. चारमध्ये जमा रकमेने हिशेब केला की प्रमाण 50 च्या वर जातं. दोन फाईलींत स्टेटमेंटमधली पगाराची जमा स्लिपच्या निव्वळ रकमेपेक्षाही कमी आहे, दर महिन्याला ठरावीक 4,000 ने. स्लिपवर ती कपात दिसत नाही, क्रेडिट रिपोर्टमध्येही कर्ज नाही. दोघे एकाच कंपनीत आहेत.

हिशोबी

पगारातून परस्पर वळतं होणारं काहीतरी असेल. कर्मचाऱ्यांची पतसंस्था वगैरे.

जुनी_खातेवही

असू शकतं. स्लिप खरी नसेल हेही असू शकतं. अंदाजाने हप्ता धरू नका आणि सोडूनही देऊ नका. कंपनीच्या पगार विभागाकडून थेट खात्री करून घ्या, अर्जदारामार्फत नको. उत्तर येईपर्यंत त्या दोन फाईलींचा शेरा खुला ठेवा.

फाईलवाली

पत्र आजच पाठवते. चेकलिस्टमध्ये बारा महिन्यांचा कागद घालावा की पॉलिसीच बदलावी, यावर मात्र आमच्याकडे दोन तट पडलेत. तुमच्याकडे काय करतात?