कांद्याच्या बातमीतली विशेषणं कापली, बातमीदार चिडलाय. चूक कोणाची?

डेस्कवरची वैशाली, नाशिक: तालुक्याच्या बातमीदाराची कॉपी अशी आली: "मुजोर व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडून हवालदिल शेतकऱ्यांना वेठीस धरले. उन्हाळ कांदा चार दिवसांत १,९०० वरून थेट ६०० रुपयांवर कोसळल्याने जिल्हाभर संतापाची लाट उसळली आहे." मी 'मुजोर', 'हवालदिल', 'वेठीस' आणि 'लाट' काढलं. तो म्हणतो, बातमीतला जीवच काढलास, व्यापाऱ्यांची बाजू घेतलीस. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ: सोपं आहे. विशेषण दिसलं की कापायचं. मतं मांडायला अग्रलेख आहे ना.

जुना उपसंपादक: मग 'उन्हाळ कांदा'मधलं 'उन्हाळ'ही कापा, आणि वाचक लाल कांद्याचा भाव समजून बसू दे! शब्दाची शहानिशा करता येते का, एवढंच बघायचं. 'उन्हाळ'ची येते, 'मुजोर'ची येत नाही. पण वैशालीताई, आकडे तसेच कसे सोडलेत? मला वाटतं त्याने सोमवारचा जास्तीत जास्त भाव गुरुवारच्या कमीत कमी भावाला जोडलाय. बाजार समितीकडून दोन्ही दिवसांचा तक्ता मागवा.

डेस्कवरची वैशाली: मागवला. सोमवारी कमीत कमी ७००, जास्तीत जास्त १,९००, सरासरी १,४५०. गुरुवारी ६००, १,७५० आणि १,३५०.

जुना उपसंपादक: म्हणजे सरासरी क्विंटलमागे शंभराने उतरली, सात टक्क्यांच्या आसपास. ६०० चा भाव बहुधा हलक्या मालाचा, तसा माल सोमवारीही ७०० लाच गेला होता. 'कोसळला'मध्ये विशेषण एकही नाही, तरी सगळ्यात मोठं मत तिथेच लपलं होतं.

निफाडकर: काका, शंभर रुपये तुम्हाला किरकोळ. पंचवीस क्विंटलच्या ट्रॉलीला अडीच हजार गेले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागली तेव्हा आम्ही काय भोगलं, ते 'भावात घट' म्हणून सांगून होत नाही. तुमच्या असल्या मोजूनमापून लिहिण्याचा फायदा कोणाला होतो, ते आम्हाला कळतं.

जुना उपसंपादक: मग ट्रॉलीचा हिशेबच बातमीत घाला ना. 'हवालदिल'पेक्षा 'ट्रॉलीमागे अडीच हजार कमी' जास्त बोचतं, आणि कोणी खोटं म्हणू शकत नाही. उत्पादन खर्च निघत नसेल तर तेही द्या, फक्त कुठल्या शेतकऱ्याने कसा हिशेब मांडला ते नावासकट.

सिडकोवाला: माझ्या बाबतीतही हेच झालं. घंटागाडीबद्दल पत्र पाठवलं, त्यातला 'निर्लज्ज' शब्द एका पेपरने गाळला. ही गळचेपीच!

गोदाकाठ: दादा, ते वाचकांचं पत्र. तिथे मत तुमच्याच सहीने जातं. इथे विषय बातमीचा आहे.

तालुका वार्ताहर: मी रोज अशा कॉपी पाठवते. डेस्कवाले एसीत बसून 'लिलाव बंद पाडले'चं 'बंद पडले' करतात. पाडले कोणी ते गायब! ते मत नाही का?

डेस्कवरची वैशाली: ताई, मी 'पाडले' ठेवलं होतं. पण तुमचं वाचून बातमीदाराला विचारलं, तू तिथे होतास का? तो दुपारी पोहोचला. दोन शेतकरी म्हणाले, वीसेक वाहनांनंतर व्यापारी बोलीच लावेनात. समितीचे सचिव म्हणतात, भाव पटला नाही म्हणून शेतकऱ्यांनीच लिलाव थांबवले.

जुना उपसंपादक: घ्या! 'मुजोर' कापलं तरी आरोप शाबूतच होता. असं लिहा: "गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास लिलाव थांबले. व्यापाऱ्यांनी बोली लावणे बंद केल्याचे दोन शेतकऱ्यांनी सांगितले. भाव मान्य नसल्याने शेतकऱ्यांनीच लिलाव थांबवल्याचे समितीच्या सचिवांचे म्हणणे आहे." संतापाची लाट सोडून द्या. जिल्ह्यात पंधरा तालुके, आणि बोललो दोघांशी.

तालुका वार्ताहर: सचिवांचं म्हणणं शेवटी ठेवलंत. वाचकाला शेवटचं वाक्य निकालासारखं वाटतं. दोन्ही बाजू दिल्या म्हणजे तोल साधला, असं नसतं.

जुना उपसंपादक: मान्य. क्रम फिरवला तर बातमी दुसरीकडे झुकेल. कितव्या वाहनानंतर बोली थांबली ते समितीच्या नोंदीत सापडतं का बघा. मिळालं तर ते आधी घ्या, मग दोघांची म्हणणी. तरीही थांबवलं कोणी, ते नोंदीतून कळेलच असं नाही. आणि व्यापाऱ्यांची बाजू कुठाय?

डेस्कवरची वैशाली: व्यापारी संघटनेचे अध्यक्ष फोन उचलत नाहीत. नऊला पान सोडायचंय.

निफाडकर: मग तेच छापा की, तोंड लपवताहेत म्हणून.

जुना उपसंपादक: 'तोंड लपवताहेत' नको, 'टाळाटाळ'ही नको. "रात्री नऊपर्यंत संपर्क होऊ शकला नाही" लिहा, आणि खरंच नऊपर्यंत फोन करत राहा.

तालुका वार्ताहर: दहाला उचलला तर?

डेस्कवरची वैशाली: शहर आवृत्तीत घेईन. तालुक्यात मात्र सकाळी हीच जाणार.