मदत हवी आहे: शिफ्टच्या आधी मशीन चालू करणं, लॉगिन, अपडेट वाचणं याचा पगार मिळायला हवा का? (ऐरोली)

दुपारची_शिफ्ट

नमस्कार मंडळी, ऐरोलीत एका कॉल सेंटरमधे आहे, दीड वर्ष झालं, परदेशी क्लायंटची प्रोसेस. शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११, मधे एक तासाचा ब्रेक (अर्धा तास जेवण आणि पंधरा पंधरा मिनिटांचे दोन), सहा दिवस काम. ग्रॉस २०,८००.

आता प्रॉब्लेम असा की २ वाजता कॉल जोडून देणाऱ्या डायलरवर "अव्हेलेबल" दिसायला लागतं म्हणजे लागतंच, २:०१ झालं की लेट लॉगिन आणि तीन लेट लॉगिनला अर्धा दिवस कट. त्यामुळे टीम लीडरने, म्हणजे टीएलने, सगळ्यांना १:४० ला सीटवर बसायला सांगितलंय, ग्रुपवर रोज मेसेज येतो. आणि ती वीस मिनिटं काही गप्पा मारायची नसतात हो, मशीन चालू करायचं, ते म्हातारं मशीन पाच मिनिटं फिरत बसतं, मग व्हीडीआय, मग टोकनचा नंबर, मग सीआरएम, ते एकदा तरी बाहेर फेकतंच, आणि मग त्या दिवशीचं अपडेट वाचून तीन प्रश्नांची क्विझ. क्विझ दिल्याशिवाय डायलर उघडायचा नाही असा नियमच आहे. पण पगाराचं घड्याळ डायलरपासून सुरू.

मी एचआरला विचारलं तर म्हणे "ही तयारी आहे, काम नाही". खरंच असं आहे का? कळवा ते ऐरोली रोज १२:५० ची गाडी पकडते म्हणून चिडचिड जास्त होतेय, कबूल आहे.

ठाणेकर_विन्या

लेट मार्कला पगार कट आमच्याकडे वागळे इस्टेटला पण करायचे, मी सरळ मेल टाकला आणि बंद झालं. तुम्ही बायोमेट्रिकचा प्रिंट काढून ठेवा.

दुपारची_शिफ्ट

विन्यादादा, लेट मार्कचं नाही विचारत आहे, मी लेट होतच नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे 😅 वेळेत व्हायला जी वीस मिनिटं आधी राबते त्यांचं विचारतेय.

रबाळे_रिटर्न्स

क्लायंट अमेरिकेचा असेल तर केस एकदम स्ट्राँग आहे तुमची. तिकडे कोर्टाने क्लिअर सांगितलंय की कॉल सेंटरवाल्यांचा कॉम्प्युटर बूट करायचा वेळ पेड आहे. लास वेगासची केस होती, २०२२ चा निकाल. तोच कायदा लावून क्लायंटकडे तक्रार करा, कंपनीची तंतरेल.

जुना_युनियनवाला

रबाळे, निकालाचं खरं आहे, पण तो कायदा लावायचं विसरा. अमेरिकेचा वेतन कायदा अमेरिकेत केलेल्या कामाला. ऐरोलीत बसून केलेल्या कामाला तो लागत नाही, क्लायंट कुठलाही असो. क्लायंटकडे परस्पर तक्रार केली तर उलट पोरीच्याच नोकरीवर येईल.

पण त्या निकालामागचा विचार उपयोगाचा आहे म्हणून सांगतो. कॅडेना विरुद्ध कस्टमर कनेक्स अशी ती केस. तिथे हजेरी लावायचं सॉफ्टवेअरच कॉम्प्युटरच्या आत होतं, म्हणजे आधी मशीन चालू करा, लॉगिन करा आणि मग हजेरी. कंपनी म्हणाली ही पूर्वतयारी. कोर्टाने साधा प्रश्न विचारला, कॉम्प्युटर चालू न करता ही माणसं फोन घेऊ शकतात का? नाही. मग ते कामच. त्याच देशात २०१४ साली गोदामातल्या कामगारांची केस सुप्रीम कोर्टात हरली होती, घरी जाताना झडती होते तिच्या रांगेत जाणाऱ्या वेळेबद्दल. झडती न घेताही सामान पॅक होतंच की. फरक इथे आहे. तुझ्या वीस मिनिटांतलं काय काय असं आहे की जे वगळलं तर फोन घेताच येणार नाही, ते आधी वेगळं काढ.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्यात शब्द असे आहेत की ठराविक तासांपेक्षा जास्त काम कामगाराकडून करून घ्यायचं नाही आणि करूही द्यायचं नाही. "करूही द्यायचं नाही" हे लक्षात ठेव, कारण उद्या कंपनी म्हणणार ती स्वतःच्या मर्जीने लवकर येते. तुझ्याकडे तर टीएलचा रोजचा मेसेज आहे.

आणि आता हिशोब, कारण इथेच लोक गडबडतात. दिवसाची मर्यादा ९ तास होती, २०२५ च्या बदलात ती १० वर नेली. तुझं काम ब्रेक सोडून ८ तास, वीस मिनिटं मिळवली तर ८:२०. म्हणजे दिवसाच्या मर्यादेला तू शिवतही नाहीस, कंपनीचा वकील हेच दाखवणार. पण आठवड्याची मर्यादा ४८ च आहे. आठ तास गुणिले सहा, बरोब्बर ४८. तुझा आठवडा आधीच काठोकाठ भरलाय. मग वरची वीस मिनिटं सहा दिवस म्हणजे दोन तास, ते सगळे ओव्हरटाइमचे, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने. २०,८०० भागिले २६ म्हणजे दिवसाला ८००, तासाला १००, दुप्पट २००. आठवड्याला ४०० रुपये. ज्या आठवड्यात एक सुट्टी घेतलीस त्या आठवड्यात ४१:४० होतात, तेव्हा हा मुद्दा उभा राहत नाही.

पाच_दिवसवाली

काका म्हणजे आम्ही घणसोलीला पाच दिवस करतो त्यांना काहीच नाही का? आम्ही तर अर्धा तास आधी येतो 😐

जुना_युनियनवाला

दुप्पट दर नाही मिळणार ताई, साडेआठ पंचे साडेबेचाळीस. पण "नेमणूक पत्रात काय लिहिलंय" हा प्रश्न राहतो. पगार आठ तासांचा लिहिला असेल आणि साडेआठ करून घेत असतील तर साध्या दराचं भांडण आहे. त्यात दम कमी, पण आहे.

टीएल_पण_माणूस

टीएलची बाजू पण ऐका राव. १:४० ला बोलावलं तर निम्मी पोरं १:५० ला येतात, पॅन्ट्रीत चहा, मग मशीन चालू करून परत चहा. मशीन बूट होताना कोण काम करतंय? बसलेलेच असतात. आणि दोन-चार मिनिटांचा कसला पगार मागता, एवढं बारीक कोण मोजतं.

जुना_युनियनवाला

टीएलसाहेब, चहाचं तुमचं बरोबर आहे, ती मिनिटं मागू नयेत. पण मशीन फिरत असताना ती सीट सोडून घरी जाऊ शकते का? जुन्या १९४८ च्या दुकाने कायद्यात कामगार मालकाच्या दिमतीला असलेला वेळ अशी कल्पना होती, हात चालू होते का बंद हा प्रश्नच नव्हता. आणि बारीक मोजण्याचं म्हणाल तर २:०१ चा लेट लॉगिन कोण मोजतं?

पाच_दिवसवाली

😂😂 काका!!

आयटी_सपोर्ट_नाइट

पुराव्याचं बोलू का, मी डेस्कटॉप सपोर्टला आहे. विंडोजवर ही कमांड दिली की

```
quser
```

त्यात LOGON TIME दिसतो, तुम्ही कधी लॉगिन केलं ते. पण त्यात दोन भानगडी आहेत. एक म्हणजे ती वेळ लॉगिनची, मशीन चालू केल्याची नाही, म्हणजे आधीची पाच मिनिटं त्यात येतच नाहीत. काहीजण `systeminfo` मधला System Boot Time बघायला सांगतील, तर फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करून चालू केलं तरी तिथे जुनीच तारीख दिसू शकते, आणि आधीच्या शिफ्टवाल्याने मशीन बंदच केलं नसेल तर विषयच संपला.

दुसरं जास्त महत्त्वाचं: फ्लोअरवर फोटो, स्क्रीनशॉट काहीही काढू नका. मोबाइल लॉकरमधे ठेवायला लावतात ते उगाच नाही, स्क्रीनवर कस्टमरचा डेटा असतो आणि तेवढ्या एका फोटोवर काढून टाकतात, मग वीस मिनिटं राहतात बाजूला. माझ्यासमोर झालंय. साधी कागदाची वही, घरी जाऊन लिहायची. स्वाइपची वेळ एचआर पोर्टलवर तुमच्या स्वतःच्या लॉगिनला दिसते, ती आणि डायलरच्या वेळेतला फरक बघा.

जुना_युनियनवाला

उत्तम. फक्त स्वाइप ते डायलर हा सगळा फरक मागू नकोस, त्यात लॉकर, लिफ्ट, पाणी सगळं येतं आणि तुझाच आकडा खोटा पडतो. मशीनचं बटण दाबलं ती वेळ आणि क्विझ संपली ती वेळ, एवढंच लिही. क्विझ हा तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, कारण ती सक्तीची आहे आणि तिची वेळ त्यांच्याच सिस्टीममधे नोंदलेली असते.

रबाळे_रिटर्न्स

आणि २०० चा दर बेसिकवर काढतील काका, ग्रॉसवर नाही. आमच्याकडे तेच केलं होतं.

जुना_युनियनवाला

करतील, त्यावर वाद होणारच. मी ग्रॉसवर काढला तो मागायचा आकडा. बेसिक किती आहे त्यावर पुढचं भांडण.

दुपारची_शिफ्ट

मंडळी, आठवडाभर वही लिहिली. बटण ते क्विझ:

सोम ९ (मशीन चालूच मिळालं), मंगळ १६, बुध १७, गुरु २१ (व्हीडीआय लटकलं, सपोर्टला फोन), शुक्र १५, शनि १४. एकूण ९२ मिनिटं. म्हणजे १२० नाहीच, अठ्ठावीस मिनिटं माझी पण लॉकर-पाणी-गप्पांत गेली, टीएल_पण_माणूस यांना अर्धे मार्क. काकांच्या दराने ३०७ रुपये होतात.

टीएलला ही वही दाखवली नाही, फक्त विचारलं की क्विझ शिफ्टमधे घेता येईल का. तिने वर विचारलं आणि परवापासून २ वाजता लॉगिन करून "ब्रीफिंग" ऑक्समधे, म्हणजे लॉगिन असून कॉल येत नाहीत अशा स्टेटसमधे, दहा मिनिटं मिळतात, त्यात अपडेट आणि क्विझ. सीटवर १:५० ला. मशीन चालू करायचा वेळ मात्र अजून फुकटच, आणि मागच्या दीड वर्षाचं विचारलं तर ती म्हणाली ते एचआरला लेखी दे. द्यावं का? सगळी टीम माझ्याकडे बघतेय आणि सही करायला कोणी तयार नाही.

जुना_युनियनवाला

एकटीच्या नावाने देऊ नकोस इतक्यात. आधी ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जाऊन तोंडी विचारून ये, नेमणूक पत्र, तीन पगारपत्रकं आणि वही घेऊन जा. टीएलचे ते १:४० चे मेसेज आहेत ना, ग्रुपमधून कोणी काढायच्या आत ते जपून ठेव, ते तुझ्या स्वतःच्या फोनवरच आहेत.

दुपारची_शिफ्ट

हो आहेत, जवळपास सगळे. सोमवारी वीकली ऑफ आहे, जाऊन येते आणि इथेच लिहिते.

ठाणेकर_विन्या

बायोमेट्रिकचा प्रिंट पण न्या.