मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यावर आरओचा मेंब्रेन पाच महिन्यात गेला, एएमसीत लॉस होतोय

लातूरकर_मेकॅनिक
नमस्कार मंडळी, मी दीड वर्षापासून एका दादाच्या हाताखाली आरओ, कूलर, एसीची कामं शिकतोय आणि या जूनपासून स्वतःच्या एएमसी पण घ्यायला लागलो. एका घरी पार्टसकट ३२०० ला वर्षाची एएमसी दिली, जुना मेंब्रेन खराबच होता म्हणून पहिल्याच दिवशी १४०० चा नवीन टाकला, फिल्टर धरून अजून ५०० गेले. आता नोव्हेंबरमध्ये काकूंचा फोन, पाणी मचूळ लागतंय. जाऊन बघितलं तर बोअरचं पाणी १३५० टीडीएस आणि नळाला ३१०, जूनमध्ये हेच ८० होतं. परत १४०० घातले तर ३२०० च्या वर गेलो, पेट्रोल वेगळंच, आणि अजून सात महिने बाकी आहेत. मेंब्रेन डुप्लिकेट निघाला का? आणि अशा पाण्यावर एएमसी कितीला द्यायची?

थंडगार७७
मेंब्रेन गेला, दुसरं काही नाही. १०० जीपीडीचा पंप लाव, प्रेशर वाढलं की टीडीएस खाली येतो.

गृहिणी_पुणे
आमच्याकडे पण दर चार महिन्यांनी येऊन मेंब्रेन गेला म्हणतात आणि पैसे मागतात, आमचं तर कॉर्पोरेशनचं पाणी आहे. तुम्ही लोक असंच करता का?

लातूरकर_मेकॅनिक
ताई मी पैसे मागत नाहीये, माझे जातायत म्हणून तर विचारतोय.

जुना_फिटर_संभाजीनगर
ताई, पुढच्या वेळी त्याला तुमच्यासमोर मीटर लावायला सांगा, आत जाणारं पाणी आणि मेंब्रेनमधून निघणारं पाणी, दोन आकडे. २५० चं ३० होत असेल तर मेंब्रेनला हात लावू देऊ नका.

भाऊ, तू नळाचं पाणी मोजलंस, त्यात टीडीएस कंट्रोलरमधून कच्चं पाणी मिसळलेलं असतं, त्यावरून मेंब्रेन कळत नाही. मेंब्रेनच्या बाहेर जी शुद्ध पाण्याची नळी निघते ती काढून थेट तिथलं मोज. मग मापाचा ग्लास घेऊन एक मिनिट शुद्ध पाणी धर, एक मिनिट वेस्टचं धर आणि वेस्टला पण मीटर लाव. आणि खरं सांग, वेस्टचं पाणी रोखून धरणारा फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे एफआर, कितीचा आहे?

पंप मोठा करायची घाई नको, चोक झालेल्या मेंब्रेनवर प्रेशर वाढवून दोन दिवस बरं वाटतं, बस.

लातूरकर_मेकॅनिक
काका, आज जाऊन आलो. मेंब्रेनच्या नळीला २९०, म्हणजे कंट्रोलरचा दोष नाही. शुद्ध पाणी मिनिटाला १४० मिली, वेस्ट १६० मिली, वेस्टचा टीडीएस २२५० च्या वर.
एफआर आधी मिनिटाला ४५० मिलीचा होता. काकू म्हणाल्या, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं आम्ही बघितलंय, इतकं पाणी वाया जाताना बघवत नाही. दादाला फोनवर विचारलं, तो म्हणाला ३०० चा टाक, म्हणून मीच टाकला.

जुना_फिटर_संभाजीनगर
मग डुप्लिकेट-बिप्लिकेट काही नाही. वेस्टच्या पाण्यानेच क्षार बाहेर वाहून जातात. ४५० वर चालताना वेस्ट साधारण १८५० च्या आसपास राहिलं असतं. तू वाट अरुंद केलीस, त्यात त्या बारीक भोकात क्षार बसले, ३०० चं १६० झालं, तेवढे सगळे क्षार कमी पाण्यात कोंडले आणि मेंब्रेनवरच बसले. मेंब्रेन बाहेर काढून वेस्टच्या टोकाला बघ, पांढरं खरखरीत लागेल. त्यावर लिंबू पिळ, फेस आला की समज.

लातूरकर_मेकॅनिक
आला काका, फस्स करून आला. हातात घेतला तर नव्यापेक्षा जड पण लागतोय. सायट्रिक ॲसिडने धुवून चालेल का?

जुना_फिटर_संभाजीनगर
थोडे दिवस चालेल, पण २९० वर आलेला परत ८० वर येईल असं मी म्हणणार नाही. एफआर नवीन ४५० चा टाक आणि मेंब्रेनच्या आधी अँटिस्केलंटची कार्ट्रिज लाव. वेस्टची नळी बादलीत सोडून द्या, भांडी, फरशी, संडासला वापरा, झाडांना नको. दर व्हिजिटला ग्लास लावून वेस्ट मोजायचं आणि कार्डावर लिहायचं, ते कमी व्हायला लागलं की एफआर बदलायचा, तो स्वस्तात येतो.
एएमसीचं म्हणशील तर मी हजाराच्या वर टीडीएस असला की मेंब्रेन एएमसीत घेतच नाही. फिल्टर आणि तीन व्हिजिट एवढंच, मेंब्रेन लागला तर खरेदीच्या भावात. फॉर्मवर आतल्या पाण्याचा टीडीएस लिहून सही घेतो.

थंडगार७७
मेंब्रेन वगळला तर गिऱ्हाईक सहीच करत नाही. मी ४५०० सांगतो आणि एक मेंब्रेन त्यात देतो, दुसरा त्यांच्या खर्चाने. एसीत गॅसचं पण असंच आहे, गॅस धरून एएमसी दिली आणि कॉइल लीक निघाली की मेलोच.

लातूरकर_मेकॅनिक
पुढच्या एएमसीचं कळलं. पण हा दुसरा मेंब्रेन कोणाच्या खिशातून? एफआर मी बदलला पण काकूंनीच सांगितलं होतं.

जुना_फिटर_संभाजीनगर
तुझ्या. त्यांनी पाणी वाचव म्हटलं, त्याने मेंब्रेन जाईल हे सांगायचं काम तुझं होतं.

थंडगार७७
मी तर निम्मे मागितले असते. दादाला पण विचार जरा.

लातूरकर_मेकॅनिक
दादा फोन उचलत नाहीये. उद्या ४५० चा एफआर घेऊन जातो, काकूंसमोरच ग्लासाने मोजून दाखवतो, पैशाचं तिथं बघू.