मदत हवी आहे: सुरुवातीला टाळी बरोबर जुळते, पण शेवटी आवाज ओठांच्या पुढं पळतोय

गुऱ्हाळवाला_पोरगा
मंडळी, गुऱ्हाळावर एका गुळव्या काकांची मुलाखत घेतलीय, ५२ मिनिटं सलग. कॅमेरा ट्रायपॉडवर तीन मीटरवर, २५ फ्रेम, आणि काकांच्या सदऱ्याला कॉलर माईक, तो वेगळ्या रेकॉर्डरला. आधी एडिटरमधलं ऑटो सिंक मारलं तर त्यानं आवाज चार सेकंद भलतीकडंच नेऊन ठेवला. मग सुरुवातीच्या टाळीवर हातानं जुळवलं, तिथं एकदम चोख बसलं. पण शेवटाला आलो तर काकांचा आवाज आधी येतोय आणि ओठ मागनं हलतायत. आवाज मागं सरकवला की सुरुवात बिघडते. काय करू, लई वैताग आलाय.

शाहूपुरीकर
रेकॉर्डर 44.1 वर आहे बघ, कॅमेरा 48 वर असतो. तेच कारण. माझं पण असंच झालतं.

गुऱ्हाळवाला_पोरगा
नाही ओ, दोन्ही 48 च आहेत, आत्ताच बघितलं.

मोबाईल_भाऊ
ब्लूटूथ इअरफोन लावून ऐकतोयस का? त्यात आवाज उशिरा येतो, वायरचा लाव.

चरक_बंद_करा
भाऊ, इअरफोननं आवाज उशिरा येईल, त्याचा तर आधी येतोय, आणि तोही फक्त शेवटाला. आणि शाहूपुरीकर, 44.1 ची फाईल 48 नं वाजली असती तर ५२ मिनिटांत चार मिनिटांवर फरक पडला असता, आवाजही बारीक झाला असता. तपासायला हरकत नाही, पण इथं ते नाही.
ऑटो सिंक का फसलं ते आधी. ते दोन वेव्हफॉर्ममधला सारखेपणा शोधतं. चरकाची एकसारखी घरघर असली की कॅमेऱ्याच्या आवाजात सगळीकडं तेच, कॉलर माईकमध्ये मात्र नुसता काकांचा आवाज, मग त्याला खोटा जोड सापडतो. पुढच्या वेळी टाळीपुरता तरी चरक बंद ठेवा.
आता मुख्य दुखणं. कॅमेरा आणि रेकॉर्डर, दोघांची घड्याळं वेगळी, त्यामुळं लांब रेकॉर्डिंगमध्ये हळूहळू फरक साठत जातो. शेवटाकडं दुसरी टाळी आहे का?

गुऱ्हाळवाला_पोरगा
टाळी नाही मारली, पण शेवटी काकांनी चहाचा स्टीलचा पेला टेबलावर आपटलाय, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतोय आणि माईकमध्ये पण टण्ण झालंय. चालेल?

चरक_बंद_करा
टाळीपेक्षा भारी. पेला टेकला ती फ्रेम धर, आधीच्या फ्रेममध्ये तो धूसर दिसतो. टाळीपासून तिथपर्यंतचं अंतर दोन्हीत मोज आणि सांग.

गुऱ्हाळवाला_पोरगा
व्हिडिओत 3130.00 सेकंद, रेकॉर्डरमध्ये 3129.84.

चरक_बंद_करा
म्हणजे 0.16 सेकंद, 25 फ्रेमला बरोबर चार फ्रेम. रेकॉर्डरची फाईल किंचित लांबवायचीय. पण एडिटरच्या स्पीडच्या चौकटीत टाकायला गेलास तर 99.995 च्या आसपासचा आकडा लागतो, आणि बरेच एडिटर दोनच दशांश घेतात. 99.99 टाकलंस तर दुप्पट लांबतो, मग आवाज तितकाच मागं पडतो. म्हणून बाहेरच कर, मूळ फाईल न पुसता:

```
ffmpeg -i rec.wav -af atempo=0.999949 rec_fix.wav
```

हे नको असेल तर साधा उपाय, चार फ्रेम म्हणजे तेरा मिनिटांना एक फ्रेम. साडेसहाव्या मिनिटाला काका थांबतात तिथं कट मार, पुढचा सगळा आवाज एक फ्रेम उजवीकडं सरकव, मग दर तेरा मिनिटांनी तसंच. कटात गप्प भागाचा आवाज भर, नाहीतर पोकळ वाटतं. चूक कुठंच अर्ध्या फ्रेमच्या वर जात नाही.

भजनी_मंडळ
मधेच विचारतो, आमच्या भजनाचं ऑटो सिंक झालं, तरी बुवांचे ओठ जुळत नाहीत. कॅमेरा मागं साधारण तीस मीटरवर होता, रेकॉर्डर स्टेजवर. टाळी नाही.

चरक_बंद_करा
तुमचं सिंक बरोबरच झालंय, पण कॅमेऱ्याच्या आवाजाशी. स्टेजवरचा आवाज तीस मीटर जायला ८७ मिलिसेकंद लागतात, दोन फ्रेम. चित्र मात्र लगेच पोचतं. रेकॉर्डरचा आवाज दोन फ्रेम डावीकडं घ्या.

भजनी_मंडळ
घेतलं, जमलं. टाळ पण आता हाताबरोबर वाजतोय. नाद खुळा.

गुऱ्हाळवाला_पोरगा
मी कमांड चालवली, पेला चोख बसला! पण त्याआधी जुन्या फाईलवर २६ व्या मिनिटाला बघितलं तर तिथं फरक तीन फ्रेमचा निघाला, दोनचा नाही. मग आता मधे चुकणार ना?

चरक_बंद_करा
कशावर मोजलंस, ओठांवर? ओठ एका फ्रेमचा धोका देतात. फरक सरळ वाढत असेल तर मधे दोनच यायला पाहिजेत. एखादा कडक आवाज शोध, झारा काहिलीवर आपटलेला वगैरे, आणि नव्या फाईलवर बघ. तरी एक फ्रेम राहिलीच तर मधल्या भागात हातानं सरकवावं लागेल.

गुऱ्हाळवाला_पोरगा
४१ व्या मिनिटाला काकांनी गुळाच्या रव्यावर थाप मारलीय, बरीच कडक आहे. आज रात्री बघून टाकतो.

शाहूपुरीकर
मी तरी अजून 44.1 च म्हणतोय 😀