मदत हवी आहे: हँगमधून क्लीन जमते, जमिनीवरून बिघडते

नमस्कार मंडळी, मी नेरुळला राहतो, वेटलिफ्टिंग नव्यानेच शिकतोय. आधी मांडीच्या मध्यापासून, मग गुडघ्याच्या वरून हँग क्लीन केली. 20 किलोचा बार आणि दोन्ही बाजूंना 10 किलो, म्हणजे 40 किलो, तिथून पूर्ण स्क्वॉटमध्येही नीट घेता येतात. पण तेच वजन जमिनीवरून उचललं की बार गुडघ्याला वळसा घालून पुढे जातो आणि मला झेलायला उडी मारून पुढे यावं लागतं. व्हिडिओत दिसतं की सुरुवातीलाच कंबर वर येते, खांदे मात्र तिथेच.

आमच्या जिममध्ये बंपर प्लेट्स नाहीत. लोखंडी 10 किलोची प्लेट लहान, त्यामुळे 45 सेंटिमीटर व्यासाच्या प्लेटपेक्षा बार बराच खाली राहतो. गडबडीचं मूळ हेच असेल का? प्लेट्सखाली ठोकळे ठेवून बघू, की आधी गुडघ्याच्या खालून हँग पक्की करू? गुडघ्यापाशी थांबून केलेली क्लीन कोणाला उपयोगी पडली का?

स्नॅच अजून हँगमध्येच आहे, ती सध्या तिथेच ठेवतो.

आणि ठाणे-नवी मुंबईत प्लॅटफॉर्म असलेली, बार खाली सोडू देणारी जिम माहीत असेल तर सांगा. इथे जरा आवाज झाला की ट्रेनर धावत येतो!